गर्भनिरोधक गोळ्या आणि वजन: सुरू केल्यावर वाढतं का, बंद केल्यावर उतरतं का?

"अगं, त्या गोळ्या बंद कर, बघ कशी सुजल्यासारखी दिसतेस." जाऊ म्हणते, खाला म्हणते, शेजारीण म्हणते. मग पाकीट अर्धं असतानाच कपाटात जातं. बऱ्याच घरांत गोळी सुटते ती अशी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, नवऱ्याशी बोलून ठरलं म्हणूनही नाही, तर वजनाच्या भीतीने. दोन-तीन महिन्यांनी पाळी चुकते आणि तेव्हा लक्षात येतं की गोळीच्या जागी दुसरा मार्ग ठरलेलाच नव्हता.

म्हणून हा प्रश्न नीट पाहायला हवा. गोळीने वजन वाढतं का? वाढत असेल तर किती, आणि ते पाण्याचं की चरबीचं? बंद केल्यावर ते उतरतं का? या सगळ्यावर गेल्या काही दशकांत अभ्यास झाले आहेत. त्यांचं उत्तर आपण मोहल्ल्यात ऐकतो त्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

आधी कोणती गोळी, ते पाहा

आपल्याकडे 'गोळ्या' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि चौघींचा वजनाशी संबंध सारखा नाही.

पहिली म्हणजे रोज घ्यायची मिश्र गोळी. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी या त्यातल्याच. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत दोन हार्मोन असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या. त्यांत हार्मोन नसतं आणि त्या दिवसांतच पाळी येते. हा लेख मुख्यतः या गोळीबद्दल आहे.

दुसरी 'छाया'. हिच्यात यातलं कुठलंच हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.

तिसरं दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन. ती गोळी नाही, पण बोलताना तिच्यातच मोजलं जातं. वजनाच्या बाबतीत हिचा हिशेब अगदी वेगळा आहे, तो पुढे येईल.

चौथी, रमजानात किंवा हज-उमराहच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी. साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. हिने पोट फुगल्यासारखं वाटू शकतं, छाती जड वाटू शकते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि हा त्रासही ओसरतो. मात्र अशा पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भ रोखण्यासाठी नाही. तिच्यावर विसंबू नये.

एक नमुन्याची नोंद

आता समजा, कोकणातल्या एका गावातली २९ वर्षांची बाई आहे. मूल तीन वर्षांचं, अंगावरचं दूध कधीच सुटलेलं. नवरा आखातात नोकरीला. तो सुट्टीवर येणार म्हणून तिने पाळीच्या तिसऱ्या दिवशी माला-एन सुरू केली आणि तो असेपर्यंत सलग तीन पाकिटं घेतली. नवरा परत गेला, गोळी बंद केली. असं किती घरांत चालतं ते आपल्याला माहीत आहे.

ही बाई हुशार. तिने घरच्या काट्यावर नोंद ठेवली. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, दर वेळी तसाच हलका गाऊन घालून. प्रत्येक पाकिटात दोनदा वजन केलं: १४व्या गोळीच्या दिवशी, म्हणजे हार्मोन चालू असताना, आणि २८व्या गोळीच्या दिवशी, म्हणजे लोहाच्या गोळ्या संपताना.

सुरू करताना वजन ५६.२ किलो होतं.
पहिलं पाकीट: १४व्या दिवशी ५७.१, २८व्या दिवशी ५६.६.
दुसरं पाकीट: १४व्या दिवशी ५८.०, २८व्या दिवशी ५७.६.
तिसरं पाकीट: १४व्या दिवशी ५८.४, २८व्या दिवशी ५८.१.
गोळी बंद केल्यावर चार आठवड्यांनी ५७.४, आठ आठवड्यांनी ५७.०, बारा आठवड्यांनी ५६.९.

वरवर पाहिलं तर सगळं उघड वाटतं. गोळी सुरू झाली, वजन जवळजवळ दोन किलो वाढलं. गोळी बंद झाली, सव्वा किलोच्या आसपास उतरलं. जाऊबाईंचं म्हणणं खरं ठरलं. पण थोडं थांबून आकडे दोन भागांत वाचू.

पहिला भाग: पाणी

प्रत्येक पाकिटात १४व्या दिवसाचं वजन जास्त आणि २८व्या दिवसाचं कमी आहे. फरक ३०० ते ५०० ग्रॅमचा. दोन आठवड्यांत वर आणि दोन आठवड्यांत खाली, ही चाल बहुतेक पाण्याची असते. चरबी इतक्या नियमाने ये-जा करत नाही.

याचं कारण गोळीतलं इस्ट्रोजेन. ते यकृताला एक प्रथिन जास्त बनवायला लावतं, त्या प्रथिनामुळे मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवण्याचा निरोप जातो, आणि मीठ राहिलं की त्याच्यासोबत पाणी राहतं. अंगठी घट्ट होते, सलवारीचा नाडा रुततो, चेहरा थोडा भरलेला दिसतो. काही बायकांना हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत जाणवतं आणि मग शरीर जुळवून घेतं. काहींना अजिबात जाणवत नाही.

गोळीची बदनामी इथूनच सुरू झाली असावी. १९६० मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मान्यता मिळालेल्या गोळीत इस्ट्रोजेनचं प्रमाण सुमारे ०.१५ मिलिग्रॅम होतं. आजच्या माला-एनमध्ये ०.०३ आहे, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. दोन गोळ्यांतलं इस्ट्रोजेन हुबेहूब एक नाही, त्यामुळे तुलना मोजून-मापून करता येत नाही. पण त्या काळातल्या बायकांनी अनुभवलेली सूज आजच्या गोळीला जशीच्या तशी लावता येणार नाही, एवढं नक्की.

दुसरा भाग: खरोखर वाढलेलं वजन

पाणी बाजूला काढायचं तर २८व्या दिवसाचे आकडे आपसांत पाहायचे: ५६.६, ५७.६, ५८.१. इथे दीड किलोची वाढ दिसते. ती पाकीट संपल्यावर परत गेली नाही, म्हणून हे पाण्याचं वजन नव्हे.

मग गोळीचं का? या तीन महिन्यांत घरात आणखी काय चाललं होतं ते आठवू. नवरा आला म्हणून पाहुणे, आज या चाचाकडे दावत, उद्या त्या फुफीकडे. घरी सकाळी चपातीऐवजी पुरी, दुपारी बिर्याणी, संध्याकाळी बाहेरचा नाश्ता. बाजाराला एरवी चालत जायची ती आता गाडीवरून. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. दीड किलो म्हणजे सुमारे ११,५००. पहिल्या पाकिटाच्या शेवटापासून तिसऱ्याच्या शेवटापर्यंतच्या ५६ दिवसांत वाटल्या तर रोजच्या सुमारे २०५ होतात. एका मोठ्या चमच्याभर तेलात १२० असतात. म्हणजे रोज दोन चमचे तेल जास्त गेलं तरी एवढी वाढ होऊ शकते, आणि दावतीच्या दिवसांत दोन चमचे कुठले!

उतरतानाही तसंच. गोळी थांबली त्याच आठवड्यात नवरा गेला, दावती थांबल्या, चालणं सुरू झालं. शिवाय तिसऱ्या पाकिटाचा शेवटचा आकडा, ५८.१, लोहाच्या दिवसांतला होता, म्हणजे बरंचसं पाणी आधीच उतरलेलं. पुढच्या चार आठवड्यांत गेलेले ७०० ग्रॅम पाण्याच्या खात्यात टाकता येत नाहीत.

तरी एक शंका राहतेच. गोळीमुळे भूक वाढली असेल तर? दावत आणि गोळी एकाच दिवशी सुरू झाल्या, एकाच आठवड्यात संपल्या. एका बाईच्या नोंदीवरून त्या दोघींना वेगळं करणं शक्य नाही. लग्नानंतर गोळी सुरू करणाऱ्या नव्या नवरीचंही तेच: घर बदललं, जेवण बदललं, झोप बदलली, आणि दोष गोळीला. बाळंतपणानंतर सुरू करणारीचंही तेच. ही गाठ सोडवायला वेगळ्या प्रकारचा अभ्यास लागतो.

अभ्यास काय सांगतात

उपाय असा: बायकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे करायचे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला काय मिळालं ते बाईलाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दावती, लग्नं, वय, ऋतू हे सगळं दोन्ही गटांत सारखंच वाटलं जातं. उरतो फक्त गोळीचा फरक.

गर्भ रोखण्यासाठी आलेल्या बाईला औषध नसलेली गोळी देणं योग्य नाही, म्हणून असे अभ्यास मोजकेच आहेत आणि ते बहुतेक मुरुमांच्या उपचारासाठी झाले. त्यातल्या एकाचा वजनाचा हिशेब २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात सातशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया होत्या. माला-एनमधलीच दोन हार्मोन, पण थोडी कमी मात्रेत, सहा महिने दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचं सरासरी वजन थोडंसं वाढलं होतं, एका किलोच्या आत, आणि दोन्हींतली वाढ जवळजवळ सारखी होती.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरासरी कमी असली तरी दोन्ही गटांत काहींचं वजन दोन-तीन किलोंनी वाढलं आणि काहींचं तेवढंच घटलं. म्हणजे औषध नसलेली गोळी घेऊनही एखादीचं वजन तीन किलो वाढतंच. ती आपल्या मोहल्ल्यात असती तर तिनेही गोळीलाच दोष दिला असता.

अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला. २०१४च्या आढाव्यात मिश्र गोळ्या आणि तशाच इतर साधनांचे ४९ अभ्यास होते. त्यातल्या फक्त चार अभ्यासांत हार्मोन न दिलेला गट होता. निष्कर्ष असा: या साधनांचा वजनावर मोठा परिणाम होत असल्याचं दिसत नाही, पण लहानसा परिणाम होतच नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावाही नाही. वेगवेगळ्या गोळ्यांची आपसांत तुलना केली तेव्हाही वजनात मोठा फरक सापडला नाही.

सहा महिने ठीक, पण वर्षानुवर्षं घेतली तर? याचं उत्तर स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या एका दीर्घ अभ्यासात थोडंफार मिळतं. तिथे मुलींना वयाच्या १९व्या वर्षापासून पुढे दर काही वर्षांनी वजन आणि साधनांबद्दल विचारत गेले, काहींना ४४व्या वर्षापर्यंत. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोघींचंही वजन वयासोबत वाढत गेलं, वर्षाला साधारण अर्धा किलो. गोळी घेतल्याने ते जास्त वाढलं नाही. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, म्हणून हा पुरावा वरच्याइतका पक्का नाही. पण दिशा तीच आहे.

इंजेक्शनची गोष्ट वेगळी

गोळीबद्दल जे म्हटलं ते इंजेक्शनला लावू नका. तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये (सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून 'अंतरा' नावाने मिळतं) एकच हार्मोन असतं, आणि त्याने वजन वाढू शकतं याचा पुरावा जास्त भक्कम आहे.

आफ्रिकेतल्या चार देशांत सात हजारांहून जास्त बायकांना चिठ्ठ्या टाकून तीन साधनं देण्यात आली: हेच इंजेक्शन, दंडात बसवायची हार्मोनची सळी, किंवा तांबी. वर्ष ते दीड वर्षात इंजेक्शनवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो वाढलं, सळीवाल्यांचं २.४ आणि तांबीवाल्यांचं दीड किलो. तांबीत हार्मोन नसतंच. म्हणजे तो दीड किलो नुसत्या काळाचा आणि राहणीमानाचा, आणि त्यावरचे दोन किलो इंजेक्शनच्या खात्यातले.

इंजेक्शन घेणाऱ्या सगळ्यांचं वजन वाढत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, तर पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त असते. ५६ किलोच्या बाईसाठी ही रेषा २.८ किलोची. ती ओलांडली तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांशी दुसऱ्या साधनाबद्दल बोलावं.

गोळी बंद केल्यावर

इस्ट्रोजेनमुळे पाणी धरलं असेल तर ते काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत निघून जातं. अर्धा-एक किलो उतरल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा जास्त उतरेल या आशेने गोळी सोडली तर बहुधा निराशा होते, कारण जे गोळीने आलंच नाही ते गोळी सोडून जाणार नाही.

उलट काहींचं वजन बंद केल्यावर वाढतं. गोळी सुरू असताना पीसीओएसची लक्षणं दबलेली असतात. पाळी दर महिन्याला येते, मुरूम कमी असतात. गोळी थांबली की पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, वजनही वाढू लागतं. तेव्हा वाटतं की गोळीने शरीर बिघडवलं. खरं तर आजार आधीपासून होता, गोळीने तो झाकला होता. बंद केल्यानंतर तीन महिन्यांत पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची टेस्ट करावी आणि मग डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

दोन धोके आणखी. पाकीट मध्येच सोडलं तर आधीच्या चार-पाच दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो, कारण पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं. म्हणून पाकीट पूर्ण करा आणि ते संपण्याआधी पुढचं साधन ठरवा. आणि 'शरीराला आराम' म्हणून दर दोन महिन्यांनी गोळी सोडणं-धरणं करू नका. रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळात कमी असतो, पण गोळी नव्याने सुरू केल्यावर किंवा महिनाभराच्या खंडानंतर परत सुरू केल्यावर तो इतर वेळेपेक्षा जास्त असतो. वरच्या उदाहरणातल्या बाईसारखं दर सुट्टीला गोळी सुरू करावी लागत असेल तर छाया किंवा तांबी सोयीची पडेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी वजन कसं पाहायचं

दवाखान्यात दुपारी जेवून, बुरखा आणि चपला घालून केलेलं वजन आणि घरी सकाळी उपाशीपोटी केलेलं वजन, यांत सहज दीड-दोन किलोंचा फरक पडतो. त्यांची तुलना करू नका. काटा एकच, वेळ एकच, कपडे तेच, आणि पाकिटाचा दिवसही तोच. २८व्या दिवसाची तुलना २८व्या दिवसाशी करा. रमजानात आणि ईदनंतरच्या आठवड्यात वजन एरवीही हलतं, म्हणून पहिली नोंद तेव्हाची धरू नका. तीन पाकिटांच्या नोंदी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

तीन पाकिटांनंतरही सूज किंवा जडपणा त्रास देत असेल तर गोळी बदलता येते. कमी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दुकानात मिळतात. ते डॉक्टर ठरवतील.

काही वेळा मात्र तीन पाकिटं थांबायचं नाही. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवडाभरात दोन किलो वाढून दोन्ही पाय सुजले तरी वाट पाहू नका, बीपी आणि लघवी तपासून घ्या. आणि लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी आली नाही, मध्ये गोळ्या चुकल्या होत्या आणि वजन वाढतंय, तर आधी गरोदरपणाची टेस्ट करा.

वरच्या उदाहरणातल्या बाईने समजा पुढच्या सुट्टीत वजनाच्या भीतीने गोळी घेतलीच नाही आणि दुसरं काही ठरवलंही नाही. दावती तशाच झाल्या, तर वजनही बहुधा तसंच वाढेल. फरक एवढाच की या वेळी दोष द्यायला गोळी नसेल आणि गर्भ रोखायलाही काही नसेल.